परिषदेत बोलायचा प्रस्ताव पाठवायचाय, मेलचा मसुदा जरा बघाल का?

तळ्याकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पुण्यात पायथॉनवाल्यांची दोन दिवसांची परिषद आहे, स्वयंसेवकांनी भरवलेली. फॉर्म वगैरे काही नाही. समितीच्या पत्त्यावर मेल करायचा आणि त्यात विषय थोडक्यात, ऐकणाऱ्यांना काय मिळेल आणि आपला अनुभव एवढं लिहायचं. बोलायला 25 मिनिटं, प्रश्नांना 5. प्रस्ताव मराठीत चालतो. मुदत पुढच्या रविवारपर्यंत.

पार्श्वभूमी अशी की आमच्या गावच्या ग्रंथालयाची संगणकावरची सूची मी गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी सांभाळते. तिथे "वऱ्हाड" शोधलं की 14 पुस्तकं यायची आणि ग्रंथपाल बाई म्हणायच्या, अगं कपाटात तर 37 आहेत. त्यामागे लागले, कारण सापडलं: एकच शब्द सूचीत दोन प्रकारे साठवलेला, दिसायला मात्र सारखा. बरंचसं दुरुस्तही झालं. त्यावरच बोलावं असं मनात आहे. पण मेल लिहायला बसले आणि हे असं झालं:

> विषय: परिषदेसाठी प्रस्ताव
>
> आदरणीय समिती सदस्य,
>
> आपल्या प्रतिष्ठित परिषदेत "भारतीय भाषा आणि संगणक: एक प्रवास" या विषयावर मी बोलू इच्छिते. आजच्या डिजिटल युगात मातृभाषेचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. या भाषणात मी इस्की, जुने फाँट, युनिकोडचा इतिहास, कळफलक, शोध, क्रमवारी, ओसीआर आणि पायथॉनमधील उपयुक्त लायब्रऱ्या यांचा आढावा घेईन. श्रोत्यांमध्ये भारतीय भाषांबद्दल जागरूकता निर्माण होईल व युनिकोडची समज वाढेल.
>
> मी 9 वर्षे सॉफ्टवेअर क्षेत्रात असून जावा, स्प्रिंग व क्लाउडचा अनुभव आहे. क्लाउडची दोन प्रमाणपत्रे मिळवली आहेत. दोनदा उत्कृष्ट कर्मचारी म्हणून गौरव झाला आहे. सोबत बायोडेटा जोडला आहे.
>
> आपली विश्वासू,

वाचून मलाच झोप आली. बिनधास्त चिरफाड करा.

---

खटपट्या

ताई, विषय झकास आहे, पण यात 25 मिनिटांचं काय आहे? स्ट्रिंगला एनएफसी, म्हणजे युनिकोडचं प्रमाण रूप, लावा, दोन्ही सारख्या होतात, खेळ खल्लास. मी सगळीकडे हेच करतो. पाच मिनिटांचा लाइटनिंग टॉक मागा, लगेच मिळेल.

---

अध्यापक मास्तर

सारांश 250 शब्दांच्या आत हवा. त्यानंतर पाच बीजसंज्ञा, संशोधनाची उद्दिष्टे, गृहीतक, संशोधन पद्धती आणि निष्कर्ष या क्रमाने लिहावे. मार्गदर्शकांचे नाव सहलेखक म्हणून घालायला विसरू नका. आमच्या विद्यापीठाच्या चर्चासत्रात त्याशिवाय निबंध स्वीकारत नाहीत. वऱ्हाडी बोलीवर काम करत असाल तर माझ्याकडे काही शब्दसंग्रह आहे, कळवा.

---

तळ्याकाठची

मास्तर, धन्यवाद, पण हा शोधनिबंध नाही हो, आणि बोलीवरही नाही. सॉफ्टवेअरवाल्यांसमोर बोलायचंय. शब्दसंग्रह मात्र ग्रंथालयाला नक्की हवा आहे, व्यनि करते.

---

कागदकापे

मी अशाच एका परिषदेच्या निवड समितीत तीन वर्षं होतो, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. नोकरी करून रात्री जेवणानंतर आम्ही प्रस्ताव वाचायचो. एकेकाला दोन-तीन मिनिटं मिळायची. त्या दोन मिनिटांत वाचणारा एकच गोष्ट शोधत असतो: हा माणूस व्यासपीठावर नक्की काय सांगणार आहे, ते मला दिसतंय का?

तुमच्या धाग्याच्या दुसऱ्या परिच्छेदात ते लख्ख दिसतं. 14 आणि 37. मेलमध्ये मात्र ते नावालाही नाही! मेलमध्ये आठ विषयांची यादी आहे, आणि त्यातला प्रत्येक विषय 25 मिनिटांचा. अशी यादी दिसली की आम्ही समजायचो, यांचं अजून ठरलेलं नाही. "प्रवास", "आढावा", "एक दृष्टिक्षेप" असे शब्द शीर्षकात असले की तर हमखास.

तेव्हा इतिहास काढा, ओसीआर काढा. ग्रंथालय ठेवा. शीर्षकात वऱ्हाड येऊ द्या.

आणि खटपट्याराव, एनएफसीने हे सुटत नाही. स्वतः चालवून बघा.

---

खटपट्या

कसं सुटत नाही? ऱ हे एक अक्षर आणि र खाली नुक्ता, या दोन्ही गोष्टी युनिकोडच्या दृष्टीनं एकच आहेत. एनएफसी त्यांना एक करतं. हे मी खात्रीनं सांगतो.

---

कागदकापे

ते बरोबर आहे, पण ग्रंथालयाच्या सूचीत र खाली नुक्ता नसणार. जुन्या नोंदींत र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा जोडणारा असं असणार. धागाकर्ती सांगतीलच.

---

तळ्याकाठची

अगदी तसंच आहे. पहिल्या हजारो नोंदी जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या. त्या वेळच्या रूपांतरानं ऱ्ह लिहिताना साधा र, हलंत आणि तोच न दिसणारा जोडणारा, U+200D, असं घातलं. नंतरच्या नोंदी बाईंनी इनस्क्रिप्टवर टाइप केल्या, तिथे शिफ्ट धरून `j` दाबलं की थेट ऱ येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. हे बघा:

```python
import unicodedata as u
juna = "व\u0930\u094d\u200dहाड"
nava = "व\u0931\u094dहाड"
print(len(juna), len(nava))      # 7 6
print(juna == nava)              # False
print(u.normalize("NFC", juna) == u.normalize("NFC", nava))  # False
```

एनएफकेसी लावलं तरी `False`च.

---

खटपट्या

हात टेकले. मग U+200D सरळ उडवून टाका ना, न दिसणारी वस्तू ठेवायची कशाला?

---

तळ्याकाठची

हे मीही केलं होतं, पहिल्याच रविवारी. :) उडवल्यावर मागे र आणि हलंत उरतात, म्हणजे रफार झाला. जुनं "वऱ्हाड" आता "वर्हाड" झालं आणि नव्याशी जुळलं नाही ते नाहीच. लांबी मात्र दोन्हीकडे 6 आली, त्यामुळे पंधरा मिनिटं मी आनंदात होते. त्याहून वाईट म्हणजे जुन्या नोंदींतल्या "दऱ्या" झाल्या "दर्या". गिर्यारोहणाची पुस्तकं समुद्राच्या पुस्तकांत जाऊन बसली. बाईंनी फोन करून विचारलं, सह्याद्री बुडाला का गं?

---

कागदकापे

हे, हे मेलमध्ये घाला! माणूस चुकीच्या दुरुस्तीनं कुठे पोचतो हे कळलं की वाचणाऱ्याची खात्री पटते की तुम्ही हे काम हातानं केलंय. कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा हा बुडालेला सह्याद्री मोठा पुरावा आहे.

आणखी एक गंमत लक्षात घ्या. तुमचा प्रश्नच असा आहे की दोन शब्द दिसायला सारखे आहेत. मग मेलमध्ये दोन्ही लिहून दाखवून उपयोग काय? वाचणाऱ्याला दोनदा "वऱ्हाड" दिसेल आणि तो म्हणेल, बरं मग? म्हणून तिथे 7 आणि 6 हे आकडे द्या. दिसायला एकच, पण पायथॉन एकाची लांबी 7 सांगतो आणि दुसऱ्याची 6. एवढं वाचलं की माणूस पुढचं वाचतो.

---

सोनचाफा

माझा अनुभव सांगते. मागच्या वर्षी मी डेटाबेसच्या एका परिषदेला प्रस्ताव पाठवला होता, नाकारला गेला. कारण विचारलं तर म्हणाले, "श्रोत्यांना काय मिळेल" यात तुम्ही तुमच्या कंपनीचं उत्पादन काय करतं तेच लिहिलंय. मी परत वाचलं, खरंच तसं होतं. माझ्या सगळ्या वाक्यांचा कर्ता आमचं उत्पादन होतं, ऐकणारा कुठेच नव्हता. तळ्याकाठची, तुझ्या मसुद्यात "जागरूकता निर्माण होईल" आहे, तिथे तरी निदान उत्पादन नाही. पण जागरूकता घेऊन सोमवारी ऑफिसात माणूस करणार काय?

---

कागदकापे

सोनचाफा यांनी नेमकं बोट ठेवलं. मी एक कसोटी लावायचो. "भाषण ऐकल्यावर श्रोत्याला..." इथून वाक्य सुरू करायचं आणि शेवटी असं क्रियापद घालायचं जे दुसऱ्याला करताना दिसेल. "समज वाढेल" दिसत नाही. "आपल्या डेटाबेसमध्ये असे दुहेरी शब्द आहेत का ते शोधता येईल" हे दिसतं. तीनच वाक्यं लिहा, आणि प्रत्येक वाक्यासाठी भाषणात मिनिटं राखलेली असू द्या. लिहिलंय पण मिनिटं नाहीत असं झालं की समितीला लगेच कळतं.

---

उंबरठा

मी जरा शंकेखोर आहे. 14 आणि 37 म्हणता, तर 37 कुठून आले? शोधच चुकीचा असेल तर खरा आकडा कसा कळला? समितीत माझ्यासारखा एक असतोच.

---

तळ्याकाठची

रास्त प्रश्न. दाखल रजिस्टर कागदावर आहे. बाई आणि मी दोन दुपारी बसून पानन् पान चाळलं आणि शीर्षकात किंवा विषयात हा शब्द असलेल्या नोंदींवर पेन्सिलनं खुणा केल्या. 37 भरल्या. दुरुस्तीनंतर शोधात 36 येतात.

---

उंबरठा

36? मग एक कुठे गेलं?

---

तळ्याकाठची

त्या एका नोंदीत टाइप करणाऱ्यानं खराखुरा रफार दिलाय. ते रूपांतराचं पाप नाही, माणसाची चूक आहे. त्यासाठी नियम केला तर दर्या-दऱ्या परत एक होतात. म्हणून ती नोंद हातानं सुधारायची. मेलमध्ये मी "सगळी सापडू लागली" असं लिहिणार होते, आता लाज वाटते.

---

कागदकापे

36च लिहा, आणि एक का राहिलं तेही एका वाक्यात. मर्यादा स्वतःहून सांगणारा प्रस्ताव आमच्या टेबलावर क्वचित यायचा.

---

डोंबारी

माझं थोडं वेगळं मत. एवढं सगळं मेलमध्ये सांगितलं तर भाषणाला उरलं काय? उत्सुकता राहायला हवी. "सह्याद्री का बुडाला?" एवढंच लिहा, बाकी व्यासपीठावर.

---

कागदकापे

डोंबारी, कार्यक्रमपत्रिकेत तुम्ही म्हणता तसं लिहावं, तिथे वाचणारा श्रोता आहे. समितीपासून मात्र काही लपवू नये. उत्तर माहीत असल्याशिवाय ते जागा कशी देणार? बऱ्याच परिषदांच्या फॉर्ममध्ये म्हणून दोन वेगळे रकाने असतात, एक छापायचा आणि एक फक्त समितीसाठी. इथे मेलच आहे, तर मेलमध्येच "पत्रिकेसाठी" असा तीन ओळींचा परिच्छेद वेगळा द्या आणि रहस्य तिथे ठेवा.

---

तळ्याकाठची

अनुभवाचं काय करू? नऊ वर्षं जावा केलं हे खरं आहे, पण परिषद पायथॉनची. आणि याआधी मी फक्त एकदा बोलले आहे, गावातल्या कॉलेजात, तीसेक मुलांसमोर. ते लिहायचं की झाकायचं?

---

डोंबारी

झाका. "पहिल्यांदाच" असं दिसलं की बाजूला ठेवतात. मी दोनदा लिहिलं, दोनदा गेलं. तिसऱ्यांदा लिहिलं नाही, निवड झाली.

---

सोनचाफा

तिसऱ्यांदा विषय तोच होता का?

---

डोंबारी

नाही, विषयही बदलला होता. पण तरी.

---

कागदकापे

आमच्याकडे नवख्यांसाठी आम्ही मुद्दाम काही जागा ठेवायचो, आणि त्यांना तालमीला एक जुना वक्ता जोडून द्यायचो. पण ते आमच्याकडे. दुसरीकडे डोंबारींना आला तसा अनुभव येऊ शकतो, नाही म्हणत नाही. काही ठिकाणी तर पहिल्या फेरीत वक्त्याचं नाव-अनुभव झाकूनच वाचतात, तिथे या वादाला अर्थच नाही. मी असतो तर कॉलेजचं भाषण लिहिलं असतं, "पहिल्यांदाच" हा शब्द लिहिला नसता.

जावाचं म्हणाल तर अर्ध्या वाक्यात उरका. अनुभवाचा परिच्छेद एकाच प्रश्नाचं उत्तर असतो: या विषयावर याच व्यक्तीनं का बोलावं? उत्तर तुमच्याकडे आहे. ही सूची दोन वर्षं तुम्ही सांभाळलीत, चूक तुम्ही केलीत, ती तुम्हीच निस्तरलीत. उत्कृष्ट कर्मचारी पुरस्काराबद्दल अभिनंदन, पण तो घरी भिंतीवर. आणि बायोडेटा जोडू नका. जोडलेली फाइल मी तीन वर्षांत एकदाही उघडली नाही, खोटं कशाला बोलू.

अजून एक. ग्रंथालयाची परवानगी घेतलीत का? पडद्यावर वाचकांची नावं दिसणार नाहीत ना? समिती विचारण्याआधी सांगून टाका.

---

खटपट्या

मी रात्री आमच्या वकील संघाच्या यादीवर ताईंचा प्रयोग करून पाहिला. ऱ्ह बरोबर सापडले, पण "ॲड." गंडलंय. काही ठिकाणी सापडतं, काही ठिकाणी नाही. एकाच यादीत तीन प्रकार निघाले.

---

तळ्याकाठची

हो, तो माझा दुसरा भाग आहे! ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती 5.1 आवृत्तीत, 2008 साली. त्याआधी लोक अ टाइप करून वर चंद्र द्यायचे, किंवा हिंदीतला ऍ वापरायचे. युनिकोड या तिन्हींना वेगळे मानतं, म्हणून इथेही एनएफसी काही करत नाही. माझ्या शोधकळीत, म्हणजे फक्त शोधण्यासाठी शब्दाचं जे एकसारखं रूप बनवते त्यात, मी हे तीनही एकावर आणते:

```python
def kal(s):
    s = u.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
    s = s.replace("\u090d", "\u0972")
    return s
```

मूळ शीर्षकाला हात लावत नाही. ही कळ वेगळ्या रकान्यात ठेवते, आणि वाचक जे टाइप करतो त्यावरही हीच कळ चालवते. एकाच बाजूला चालवली तर काही उपयोग नाही, हे मला दुसऱ्या रविवारी कळलं.

---

कागदकापे

ऑ विसरलात. अ वर ॉ दिलं की दिसायला ऑच होतो, आ वर ॅ दिलं तरी तसंच. असं लिहू नका म्हणून युनिकोडच्या मानकात चक्क तक्ता दिलाय, पण लोक लिहितात. "ऑफिस" शोधून बघा.

---

तळ्याकाठची

शोधलं. चार पुस्तकं वाढली. :( आज रात्री दोन ओळी घालते.

बरं, हा नवा मसुदा:

> विषय: भाषणाचा प्रस्ताव (25 मिनिटे): 14 वऱ्हाड, 37 वऱ्हाड
>
> नमस्कार,
>
> आमच्या गावच्या ग्रंथालयाच्या सूचीत "वऱ्हाड" शोधल्यावर 14 पुस्तके मिळत होती. दाखल रजिस्टरात हाताने मोजल्यावर 37 निघाली. कारण असे की सूचीत हा शब्द दोन प्रकारे साठवलेला होता. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथॉन एकाची लांबी 7 सांगतो आणि दुसऱ्याची 6. नेहमीचा उपाय म्हणजे एनएफसी, त्याने हे दोन्ही एक होत नाहीत. न दिसणारे चिन्ह काढून टाकण्याचा उपाय मी करून पाहिला, तेव्हा "दऱ्या"च्या "दर्या" झाल्या आणि गिर्यारोहणाची पुस्तके समुद्राखाली गेली. शेवटी चार-पाच ओळींची एक शोधकळ लिहिली. आता 36 पुस्तके सापडतात. उरलेल्या एकात टंकलेखनाची चूक आहे, आणि ती नियमाने का सुधारू नये हेही मी सांगेन.
>
> भाषण ज्यांच्या डेटाबेसमध्ये मराठी नावे, पत्ते किंवा शीर्षके आहेत अशांसाठी आहे. पायथॉनमधली स्ट्रिंग माहीत असली की पुरे. ऐकल्यावर श्रोत्याला (1) आपल्या डेटात असे दुहेरी शब्द आहेत का ते तपासता येईल, (2) ऱ आणि ॲ यांसाठी शोधकळ लिहिता येईल आणि ती नेमकी कुठे चालवायची ते ठरवता येईल, (3) कोणती दुरुस्ती अर्थ बिघडवेल ते आधी ओळखता येईल.
>
> वेळ: ग्रंथालयातला प्रसंग 3 मिनिटे, शब्द उघडून आतले कोड पाहणे 6, फसलेले दोन उपाय 6, शोधकळ 7, न सुटलेले 3.
>
> मी ही सूची दोन वर्षे सांभाळते आहे आणि वरचे सगळे, फसलेल्या उपायांसकट, मीच केले आहे. पोटापाण्यासाठी 9 वर्षे सॉफ्टवेअर लिहिते. याच विषयावर स्थानिक महाविद्यालयात तीसेक विद्यार्थ्यांसमोर बोलले आहे. सूची दाखवायला ग्रंथालयाची परवानगी आहे. वाचकांची नावे कुठेही दिसणार नाहीत.
>
> पत्रिकेसाठी: एका ग्रंथालयातून 23 पुस्तके गायब झाली. सगळी कपाटातच होती. ती कुठे गेली, आणि ती शोधताना सह्याद्री कसा बुडाला, त्याची गोष्ट.
>
> कळावे,

---

उंबरठा

37 वजा 14 म्हणजे 23, बरोबर. मिनिटं 3, 6, 6, 7, 3 म्हणजे 25, तेही बरोबर. माझी हरकत नाही. विषयाच्या ओळीतलं शीर्षक मात्र कोड्यासारखं आहे.

---

डोंबारी

मला तर तेच आवडलं.

---

कागदकापे

पाठवा. फक्त शीर्षकापुढे "मराठी शोध का चुकतो" एवढं जोडा. समितीत मराठी न वाचणारा कोणी असलाच तर दुसऱ्या कोणाला तरी त्याला विषय सांगता आला पाहिजे.

---

तळ्याकाठची (आठ दिवसांनी)

पाठवला. आज समितीकडून एक प्रश्न आलाय, निकाल नाही. विचारतात, "U+200D तुम्ही फक्त र नंतर बदलता. बाकी ठिकाणी, उदाहरणार्थ क आणि ष सुटे दिसावेत म्हणून कोणी तो मुद्दाम घातला असेल, तर क्ष शोधल्यावर ते सापडेल का?"

खरं उत्तर, नाही सापडणार. आमच्या सूचीत असं दिसलं नव्हतं म्हणून मी विचारच केला नाही.

---

खटपट्या

म्हणजे माझा झाडू शेवटी लागतोच! आधी र चं रूपांतर करायचं, मग उरलेले सगळे U+200D आणि त्याचा भाऊ, न जोडणारा U+200C, झाडून टाकायचे. क्रम उलटा केला तर सह्याद्री बुडतो.

---

कागदकापे

शोधकळीपुरतं बरोबर. आज खटपट्यारावांचं पूर्ण बरोबर. समितीला हेच लिहा: आजच्या कळीत नव्हतं, तुमच्या प्रश्नामुळे घातलं, क्रम हा असा. मिनिटं कुठून काढणार?

---

तळ्याकाठची

फसलेल्या उपायांच्या सहातून एक. तसंही झाडूचा प्रसंग तिथेच येतो. आत्ताच उत्तर टाकलं, शेवटी खटपट्यांचं नाव न घेता "एका मित्राचा झाडू" असं लिहिलंय.

---

अध्यापक मास्तर

शब्दसंग्रहाची फाइल व्यनिने पाठवली आहे. माझ्या मुलीकडून टाइप करून घेतली होती. त्यात वऱ्हाडचा र कोणता आहे ते मला सांगता येणार नाही, आपणच पाहावे.

---

तळ्याकाठची

पाहिलं मास्तर. दोन्ही आहेत.